आंतरजातीय नात्याची बातमी घरी सांगताना: आधी आई, बाबा की मामा?

निंबोणी
मावसबहिणीसाठी विचारते आहे, तिला सांगूनच. ती 27 वर्षांची, पुण्यात नोकरी. घर कराडजवळच्या गावात, मराठा. वडिलांची ऊसशेती आणि गोठा, गावच्या सोसायटीत संचालक, त्यामुळे चार माणसांत उठबस. धाकट्या भावाचं यंदाच इंजिनिअरिंग संपलं. मुलगा 29 वर्षांचा, मूळ वर्ध्याचा, बौद्ध, तोही पुण्यातच नोकरीला. त्याचे वडील निवृत्त शिक्षक. चार वर्षांचं नातं आहे, दोघंही ठाम आहेत आणि दोन्ही घरी कोणाला काही माहीत नाही.

अडचण अशी की तिच्या आत्याने मे महिन्यात बायोडाटा फिरवायला घेतला. तुळशीच्या लग्नानंतर पाहुणे यायला लागतील असं घरात बोललं जातंय. आता श्रावण लागलाय, म्हणजे हातात फार तर तीन महिने.

आमचे मोठे मामा मोकळ्या विचारांचे आहेत आणि तिचे बाबा त्यांना मानतात. मामांना आधी सांगावं, मग त्यांनीच बाबांच्या कानावर घालावं, असं मला वाटतं. तिला मात्र आधी आईला सांगायचंय. नक्की कोणत्या क्रमाने जावं?

रानवारा
मामा बरोबर. आमच्या भागात मोठी गोष्ट नेहमी मामाच काढतो.

पैलतीर
एवढा विचार कशाला? दोघं सज्ञान आहेत. कोर्ट मॅरेज करून घ्या आणि मग सांगा. एकदा झालं की आईवडील वर्षभरात वळतात, नातवंड झालं की सगळं विसरतात.

निंबोणी
पैलतीर, तिला लग्न उरकून सांगायचं नाहीये. सांगून, वेळ देऊन, जमलं तर त्यांच्या हजेरीत करायचंय. प्रश्न क्रमाचा आहे.

उमाताई
निंबोणी, मामांना आधी सांगू नका. चांगल्या हेतूने केलेली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच असते.

घरी बातमी कळली की वडिलांचे प्रश्न साधारण ठरलेल्या क्रमाने येतात. कोण आहे, कुठला? कितवं वर्ष? आणखी कोणाकोणाला माहीत आहे? त्याच्या घरी माहीत आहे का? आणि मग धाकट्याचं लग्न कसं होणार? सगळे जण तयारी करतात पहिल्या प्रश्नाची, म्हणजे जातीची. गाडी अडकते ती तिसऱ्यावर. "मामांना महिन्यापूर्वीच सांगितलंय" हे उत्तर ऐकणाऱ्या बापाला त्या क्षणी मुलाची जात मागे पडून एवढंच दिसतं की माझ्या घरातली गोष्ट माझ्या मेव्हण्याला आधी कळली. सोसायटीत चार लोकांचे तंटे सोडवणाऱ्या माणसाला हे फार लागतं. त्यानंतर मामा कितीही समजावू देत, ते मध्यस्थ राहत नाहीत, कटात सामील झालेले ठरतात. म्हणजे जो माणूस पुढे खरंच उपयोगी पडला असता तो पहिल्याच दिवशी बाद होतो.

मामा लागणार आहेतच, पण बाबांच्या नंतर.

आईचं म्हणाल तर तिला आधी सांगणं बरोबर आहे, फक्त आई आणि बाबा यांच्यात अंतर किती ठेवायचं ते आधी ठरवा. दोन-तीन दिवस, फार तर एक आठवडा. तीन महिने आईला एकटीला गुपित सांभाळायला लावलं तर दोन गोष्टी होतात. तिची झोप उडते, आणि बाबांना कळल्यावर पहिला राग तिच्यावर निघतो: तुला माहीत होतं आणि तू गप्प राहिलीस. पुढे महिनोन्‌महिने आईला बाबांसमोर मुलीची बाजू घेता येत नाही, कारण तिला आधी स्वतःवरचा आरोप धुऊन काढायचा असतो.

शब्दवेल्हाळ
उमाताईंशी अर्धी सहमत. माझ्या मते आई आणि बाबा दोघांना एकाच वेळी, एकाच खोलीत सांगावं. एका आठवड्याचं अंतर ठेवलं तरी आई पहिल्याच रात्री बोलून जाते, किंवा उलट, "बाबांना सांगू नकोस, मी बघते" म्हणून विषय स्वतःकडे घेते आणि पुढे काहीच करत नाही. हे दुसरं जास्त घडतं. मुलीला वाटतं आई वातावरण तयार करतेय, आणि आई वाट बघत असते की हे आपोआप मिटेल.

उमाताई
तो धोका खरा आहे. म्हणून आईला सांगतानाच बाबांना सांगण्याचा दिवस सांगून टाकायचा. "आई, आज शुक्रवार. रविवारी सकाळी मी बाबांशी बोलणार आहे. तू त्यांना सांगू नकोस, मला अडवूही नकोस. मी बोलेन तेव्हा शेजारी बस, एवढंच." आईला वकिली करायला लावायची नाही, दोन रात्री तयारीला द्यायच्या. तिचं रडणं, "माझं कुठे चुकलं" हे सगळं त्या दोन रात्रींत होऊन जातं आणि रविवारी ती थोडी सावरलेली असते. दोघांना एकत्र सांगितलं तर आईचा पहिला हंबरडा बाबांच्या देखत होतो, आणि बायको रडतेय हे बघून बाप अधिक कडक होतो. आई बाबांना घाबरून असते अशा घरी मात्र शब्दवेल्हाळ म्हणतात तसं एकत्रच सांगावं. तिथे आईवर दोन रात्रींचं ओझंही टाकू नये.

माळरान
सांगण्याआधी खडा टाकून पाहिला तर? म्हणजे कोणाच्या तरी अशाच लग्नाचा विषय काढायचा आणि बाबा काय म्हणतात ते ऐकायचं.

उमाताई
टाकावा, पण एक-दोनदाच, आणि कशासाठी टाकतोय ते ठाऊक असू द्या. दुसऱ्याच्या मुलीबद्दल बाप जे बोलतो त्यावरून तो स्वतःच्या मुलीशी कसा वागेल ते कळत नाही. जगाबद्दल उदार बोलणारे घरात कडक निघतात, आणि पारावर तावातावाने बोलणारे घरात विरघळतात. मग ऐकायचं काय? तर ते कोणाचं नाव घेतात ते. "लोक काय म्हणतील" यातले लोक म्हणजे प्रत्यक्षात तीन-चार माणसं असतात. भावकीतला एखादा चुलता, सोसायटीतला विरोधी गट, मुलीची आत्या. ती नावं कळली की पुढे बाबांशी नेमकं बोलता येतं. सगळ्या गावाचं उत्तर कोणाकडेच नसतं, पण आत्यांना कोण, कधी आणि काय सांगणार याचं उत्तर तयार ठेवता येतं.

तिसऱ्यांदा खडा टाकला की आई थेट विचारते, "तुझं काही आहे का?" तेव्हा नाही म्हणायचं नाही. तो नकार पुढे आयुष्यभर ऐकवला जातो.

वऱ्हाडी_पाखरू
सगळे मुलीच्या घराबद्दलच बोलत आहात. मुलाच्या घरी सगळं आनंदीआनंद असेल असं गृहीत धरलंय का?

बौद्ध घरात हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. पहिली भीती मुलाच्या जिवाची. पश्चिम महाराष्ट्रातलं, गावात वजन असलेलं घर म्हटल्यावर आई सगळ्यात आधी विचारेल, "तुला काही करणार तर नाहीत ना?" ही भीती उगाच नाही, तेव्हा "तू काहीही विचार करतेस" म्हणून तिला उडवून लावू नका. दुसरी गोष्ट मानाची. शिक्षकी केलेल्या माणसाने पोरं शिकवून उभी केली आणि आता कोणी आपल्याला पसंत करण्याची वाट बघत बसायचं? वर्ध्याचे काका हे तोंडाने बोलणार नाहीत, पण मनात असणार.

तेव्हा मुलाने त्याच्या घरी आधी सांगावं, मुलीने तिच्या घरी सांगण्यापूर्वी निदान पंधरा दिवस. कारण उमाताईंच्या यादीतला चौथा प्रश्न: त्याच्या घरी माहीत आहे का? उत्तर "नाही" आलं तर बाबा म्हणणार, तो स्वतःच्या घरी सांगू शकत नाही आणि तू आम्हाला सांगतेस. "हो, माहीत आहे, त्यांना काळजी वाटते पण विरोध नाही" असं उत्तर असेल तर बोलणं दोन घरांमधलं होतं.

आणखी एक. पुढे कधी तिच्या घरचे वर्ध्याला गेले तर भिंतीवरचे बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो जागेवरच राहतील, हे मुलीने स्वतः आधी सांगून ठेवावं, मुलाकडेही आणि तिच्या घरीही. "पहिल्या भेटीपुरतं जरा" अशी सूचना कोणीतरी करतंच. तिथे एकदा माघार घेतली की ती मुलाच्या आईवडिलांच्या मनातून कधीच जात नाही.

निंबोणी
वऱ्हाडी_पाखरू, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो त्याच्या घरी सगळ्यात शेवटी सांगणार होता. आजच दोघांना हे वाचायला देते.

पैलतीर
बरं, कोर्ट मॅरेज नंतर करा. पण नोटीस आत्ताच देऊन ठेवा म्हणजे वेळ वाचेल. वेगळी जात म्हणजे स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टच लागतो आणि त्याला 30 दिवस जातात.

कायदेपंडित_नाही
पैलतीर, 30 दिवसांचं बरोबर, बाकीचं दुरुस्त करायला हवं.

आंतरजातीयसाठी 1954 चा विशेष विवाह कायदाच लागतो असं नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्ध, जैन, शीख हेही येतात. त्यामुळे हे दोघं त्या कायद्याखालीही लग्न करू शकतात, दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी करून आणि मग नोंदणी करून. विधी मात्र खरोखर व्हायला हवा. विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीने त्या कायद्याखाली लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलंय. कोणाचाच विधी नको असेल तर विशेष विवाह कायदा. तिथे विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार लागतात.

आता नोटिशीचं, कारण या धाग्याला ते थेट लागू आहे. दोघांपैकी एक जण जिथे निदान 30 दिवस राहतोय त्या जिल्ह्यात नोटीस देता येते, म्हणजे पुण्यात चालेल. ती तिथल्या कार्यालयाच्या फलकावर लागते. पण जो पक्ष त्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी नाही, त्याच्या कायम पत्त्याच्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडेही प्रत जाते आणि तिथल्या फलकावर लागते. म्हणजे तिचा कायमचा पत्ता गावाचा असेल तर पुण्यात दिलेली नोटीस साताऱ्याच्या फलकावर दिसू शकते. कामानिमित्त तिथे गेलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाने वाचली, की बाबांना बातमी सोसायटीच्या ओट्यावर कळणार.

म्हणून घरी सांगण्यापूर्वी नोटीस द्यायची नाही. दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्दही होते, तेव्हा लवकर देऊन फायदा काहीच नाही.

पैलतीर
साताऱ्याला प्रत जाते हे माहीत नव्हतं. मग माझा सल्ला मागे. एक मात्र सांगा, आंतरजातीय लग्नाला सरकार 50 हजार देतं ना? तेवढं ऐकून घरचे नरम नाही पडणार?

वऱ्हाडी_पाखरू
योजना आहे, आणि लग्नानंतर अर्ज करायला काहीच हरकत नाही. पण घरच्या बोलण्यात ती काढू नका. मुलीच्या बापाला ऐकू येईल की पैशासाठी चाललंय, आणि मुलाच्या बापाला ऐकू येईल की आमच्या जातीची किंमत लावली.

सांजवारा
आमच्याकडचं प्रकरण थोडं वेगळं आहे, इथेच विचारू का? मुलगा आमचा, कोल्हापूरचा हिंदू, मुलगी मडगावची कॅथलिक. हाच क्रम चालेल?

उमाताई
क्रम हाच. प्रश्न बदलतात. तुमच्याकडे पहिल्या पाच मिनिटांत येणारे दोन प्रश्न म्हणजे धर्म बदलणार का आणि मुलांचं काय. याची उत्तरं दोघांनी आधी एकमेकांत ठरवलेली हवीत. "अजून ठरलं नाही" असं उत्तर आलं की दोन्ही घरं आपापल्या परीने ते ठरवायला लागतात. बिगरकॅथलिकाशी चर्चमध्ये लग्न करायचं तर बिशपांची परवानगी लागते. त्यासाठी मुलाला धर्म बदलावा लागत नाही. पण मुलांना बाप्तिस्मा मिळावा म्हणून शक्य ते सगळं करीन असं वचन कॅथलिक पक्षाकडून घेतात, आणि दुसऱ्या पक्षाला त्याची कल्पना देतात. हे वचन तुमच्या मुलाच्या आईवडिलांना लग्नाच्या आठवड्यात पहिल्यांदा कळता कामा नये. बाकीचं वेगळ्या धाग्यावर बोलू, इथे कराडचं राहून जाईल.

सांजवारा
धन्यवाद ताई, उघडते नवीन धागा.

माळरान
मूळ प्रश्नाकडे. दिवस कोणता निवडायचा? गणपतीत सगळे एकत्र असतात, घरात आनंद असतो.

रानवारा
गणपतीत नको. घर पाहुण्यांनी भरलेलं. बाबांना चिडायलाही जागा नाही, मग ते गिळतात आणि विसर्जनानंतर दुपटीने बाहेर येतं. गावच्या जत्रेचा आठवडाही नको, तेव्हा सगळी भावकी दारात. माझ्या मते पितृपक्ष बरा. कोणी येत नाही, लग्नाचा विषय कोणी काढत नाही, घर शांत.

शब्दवेल्हाळ
पितृपक्षात अजिबात नको. घर शांत असतं हे खरं, पण पुढे घरात काहीही वाईट झालं की म्हणणार, पितरांच्या दिवसांत तोंडातून काढलं. आपण मानत असू-नसू, ते मानतात.

रानवारा
मानणारं घर असेल तर नको, कबूल. पण ती पंधरा दिवसांची शांतता वर्षात दुसरी मिळत नाही, एवढं मी म्हणेन.

उमाताई
निंबोणीच्या घरासाठी मी दसऱ्यानंतरचा आणि दिवाळीआधीचा काळ धरेन. तोवर मुलाच्या घरी सांगून होईल. फक्त एक बघा: सोयाबीन असेल तर काढणी त्याच सुमाराला येते. मळणीच्या दिवशी, आभाळ भरून आलेलं असताना हा विषय काढू नका. ऊस तुटायला लागायच्या आत मात्र बोलणं झालेलं बरं, एकदा टोळी आली की बाबा शेतातच.

वेळही महत्त्वाची. रात्री जेवणानंतर सांगितलं की सगळं घर जागं राहतं, आणि रात्रीच्या बोलण्यात टोकाचे शब्द निघतात. सकाळी धारा काढून, दूध घालून आले, चहा झाला, की तासभर मोकळा असतो. बीपीची गोळी असेल तर ती घेऊन झालेली असू द्या. त्या दिवशी घरी कोणी येणार नाही याची खात्री करा आणि भावाला घरी राहायला सांगा.

आणि बायोडाटा. बऱ्याच मुली आधी फोनवर म्हणतात, "इतक्यात स्थळं बघू नका." का, या प्रश्नाला मग करिअरचं खोटं कारण येतं. सहा महिन्यांनी खरं कळतं तेव्हा ते खोटं आधी मोजलं जातं. "स्थळं थांबवा" आणि "का थांबवा" ही दोन्ही वाक्यं एकाच बैठकीत यायला हवीत. पहिलं बोललात की दुसऱ्याला तुमच्याकडे दोन-चार दिवसांपेक्षा जास्त नसतात.

निंबोणी
ताई, प्रत्यक्ष पहिलं वाक्य काय असावं? ती तिथेच अडकते. म्हणते, तोंड उघडलं की रडायला येईल.

उमाताई
रडू आलं तर येऊ दे. वाक्य लहान ठेवा आणि आज काय नको आहे ते आधी सांगा.

"बाबा, मला लग्नाबद्दल बोलायचंय. आज हो किंवा नाही काहीच नकोय, फक्त पूर्ण ऐकून घ्या. मला एक मुलगा पसंत आहे. चार वर्षं ओळखते. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मीच सांगतेय. आईला परवा सांगितलंय."

शेवटचं वाक्य विसरू नका, म्हणजे तिसरा प्रश्न यायच्या आधीच खरं उत्तर दिलेलं असतं. यानंतर त्याचं नाव, गाव, शिक्षण, नोकरी, घरी कोण कोण आहे. त्याचं गुणगान करायचं नाही. "तो फार चांगला आहे" हे बापाला पटण्याची ती वेळ नसते. लग्नाची तारीख, हॉल, नोटीस यातलं एक अक्षर काढायचं नाही. तारीख ऐकली की त्यांना वाटतं, ठरवून आलीय, आपल्याला फक्त कळवतेय.

मग गप्प बसायचं. ते उठून गोठ्यात गेले तर मागे जायचं नाही.

शब्दवेल्हाळ
जात कधी सांगायची? मी म्हणेन आधी माणूस कळू द्या, शिक्षण, घर, स्वभाव. दोन दिवसांनी जात. नाहीतर जात ऐकल्यावर पुढचं काहीच ऐकलं जात नाही.

वऱ्हाडी_पाखरू
पूर्ण असहमत. नावाबरोबर आडनाव सांगा, आणि विचारलं की एका शब्दात उत्तर द्या: बौद्ध. तुम्ही दोन दिवस लपवलंत तर तुम्हीच सांगताय की यात लपवण्यासारखं काहीतरी आहे. शिवाय मुलाला हे कळलं तर त्याला काय वाटेल?

शब्दवेल्हाळ
मुलाला लागेल हे मान्य. पण मी बापाच्या कानाचा विचार करतेय. त्या पहिल्या दहा मिनिटांत किती आत जातं? माझं मत बदललेलं नाही.

कायदेपंडित_नाही
व्यवहाराचं बोलायचं तर आडनाव आणि गाव सांगितलं की बाबा संध्याकाळपर्यंत फोन करून काढतीलच. तो फोन ज्याला जाईल त्याला आयतीच बातमी मिळणार. एवढ्यासाठी तरी स्वतःहून सांगावं असं मला वाटतं.

माळरान
सांगून झाल्यावर? तिने घरी थांबायचं की पुण्याला परत?

उमाताई
रविवारी सांगून त्याच संध्याकाळची एसटी पकडू नये. बॉम्ब टाकून गेली असं होतं. दोन रात्री थांबावं. भात-आमटी व्हावी, गोठ्यातलं काम करावं, विषय आपण काढू नये. मग ठरल्या दिवशी परत जावं, आणि जाताना पुढच्या येण्याचा दिवस सांगून जावा. पंधरा दिवसांनी येते म्हटलं की पंधरा दिवसांनीच यायचं, त्यांनी बोलणं टाकलं असलं तरी. रोजचा आईला होणारा फोन त्याच वेळेला करायचा.

बहुतेक घरांत यानंतर अबोला येतो. दोन आठवडे, कधी दोन महिने. त्यात माणसं दोन चुका करतात. एक म्हणजे अबोल्याला नकार समजून घाईने लग्न उरकतात. दुसरी म्हणजे अबोल्याला होकार समजून मुलाला घरी घेऊन जातात. अबोला सुटतोय हे प्रश्नांवरून ओळखता येतं. "लोकांना काय सांगायचं" याऐवजी "त्याची नोकरी कायमची आहे का", "त्याचे वडील कोणत्या शाळेत होते" असे प्रश्न यायला लागले की बाप त्या मुलाचा विचार करू लागला. मुलाची भेट त्यानंतर, आणि ती गावात नको. बाबा बाजाराला किंवा कामाला पुण्याला येतील तेव्हा, तासाभराची.

सह्यकडा
उमाताईंचं सगळं मान्य, पण हे सगळं चिडलेल्या घरासाठी आहे. धोकादायक घरासाठी नाही, हे ठळक लिहायला हवं होतं.

रागावणं, रडणं, जेवण सोडणं, अबोला यात वेळ देता येतो. पण फोन काढून घेतला, एटीएम कार्ड मागितलं, नोकरी सोडायला लावली, आठवड्यात स्थळ उभं केलं, भावकीची बैठक बसली किंवा मुलाला धमकी गेली, तर क्रमबिम सोडून द्यायचा. तिथे थांबायचं नाही. तसंच ती पुण्यात परतल्यावर "आजी सिरियस आहे, आत्ताच्या आत्ता ये" असा फोन आला तर आधी गावातल्या दुसऱ्या कोणाकडून खात्री करून घ्यायची आणि एकटीने जायचं नाही.

म्हणून सांगायला जाण्यापूर्वी दहावी-बारावीची, पदवीची मूळ प्रमाणपत्रं, जन्मदाखला, आधार, पॅन, पासपोर्ट पुण्यात असायला हवेत. गावच्या कपाटात असतील तर आधीच्या एखाद्या खेपेला आणून ठेवा. पगाराच्या खात्यावर बाबांचं नाव असेल तर स्वतःचं वेगळं खातं उघडा. एका मैत्रिणीला तारीख सांगून ठेवा: रविवारी दुपारी बारापर्यंत आणि रात्री नऊला मेसेज, नाही आला तर ती फोन करणार, तोही उचलला नाही तर 112. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष ठेवावा आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय करावी असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच दिलेत. पुणे आणि सातारा इथली सोय आत्ताच शोधून नंबर त्या मैत्रिणीकडे देऊन ठेवा. भावकीने घर वाळीत टाकलं तर तोही महाराष्ट्रात गुन्हा आहे, त्यासाठी 2016 चा वेगळा कायदा आहे.

उमाताई
सह्यकडा, बरोबर आहे, हे मी आधी लिहायला हवं होतं. निंबोणी, तुमच्या मावशींच्या घरी पूर्वी कधी हात उगारला गेलाय का, हे बहिणीला स्पष्ट विचारा. उत्तर हो असेल तर घरात सांगायचंच नाही. मग पुण्यात राहून, फोनवरून.

निंबोणी
विचारलं. तसं कधीच नाही, बाबा ओरडतात आणि मग दोन दिवस शेतात जाऊन बसतात. कागदपत्रं मात्र सगळी गावच्या कपाटात आहेत. गणपतीला जाईल तेव्हा आणेल.

दोघांशी बोलून सध्या ठरलंय ते असं. तो पितृपक्षाच्या आत वर्ध्याला जाऊन त्याच्या घरी सांगेल. त्यांना जो वेळ लागेल तो लागेल, हिच्या तारखेसाठी त्यांना घाई करायची नाही. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ती शुक्रवारी गावी जाईल, त्याच रात्री आईला, रविवारी सकाळी बाबांना. आडनाव आणि जात विचारल्याबरोबर सांगायची, यावर ती ठाम आहे. मंगळवारी परत.

भावाचं काय करावं ते कळत नाही. तो मोठ्या बहिणीच्या बाजूने असेल असं वाटतं, पण त्याच्याच लग्नाचा मुद्दा पुढे करतील.

शब्दवेल्हाळ
भावाला आईच्या आधी नको. त्याच्या तोंडावर लगेच दिसेल.

रानवारा
मी म्हणेन आईबरोबर, शुक्रवारीच. "माझ्या लग्नाचं माझं मी बघेन" एवढं एक वाक्य भावाच्या तोंडून आलं तर पाचवा प्रश्न निम्मा होतो. पण ते त्याने आपणहून म्हणायला हवं, पढवलं की कळतं.

निंबोणी
ते तिच्यावर सोडते. शेवटचं, मामांचं. मी त्यांना रविवारी दुपारी फोन करून सांगू का, म्हणजे ते सोमवारी जाऊन भेटतील?

उमाताई
तुम्ही नका करू. परत निघताना तिने बाबांनाच विचारावं, "मामांच्या कानावर घालू का, की तुम्ही बोलाल?" बहुतेक ते म्हणतील, कोणाला काही बोलू नकोस. तर खरंच बोलायचं नाही, तुम्हीसुद्धा. आठ-पंधरा दिवसांत त्यांनाच कोणाशी तरी बोलावंसं वाटेल, आणि ते मामांना मानतात म्हणताय, तर फोन बहुधा तिकडेच जाईल. तो फोन आल्यावर मामांनी पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवायची वेळ येऊ नये, त्यांनी खरंच पहिल्यांदा ऐकलेलं असावं.

निंबोणी
म्हणजे मला तीन महिने मामांसमोर गप्प बसायचंय. रक्षाबंधनाला ते येणार आहेत, मी दोन दिवस उशिरा जाते.